पंधराचे अकरा झाले, म्हणजे नेमके काय झाले?

रिचार्ज केल्यावर, कस्टमर केअरला फोन केल्यावर किंवा काहीच कारण नसताना कधीतरी मोबाइलवर एक प्रश्न येतो: ‘आमच्या सेवेची शिफारस तुम्ही मित्रांना किंवा सहकाऱ्यांना कितपत कराल? ० ते १० मध्ये गुण द्या.’ बहुतेक जण तो मेसेज न वाचताच पुसून टाकतात. काही जण गुण देतात. ते सगळे गुण एकत्र करून एक आकडा काढला जातो आणि दर महिन्याला तो कंपनीच्या वरिष्ठांच्या बैठकीत पडद्यावर झळकतो. या आकड्याला नेट प्रमोटर स्कोअर, थोडक्यात एनपीएस म्हणतात. तो वर गेला की पाठ थोपटली जाते आणि खाली आला की कोणाला तरी जाब विचारला जातो. या चढउतारातला किती भाग खरा आणि किती नुसता योगायोगाचा, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

ही पद्धत फ्रेड रायकहेल्ड या अमेरिकी व्यवस्थापन सल्लागाराची. बेन अँड कंपनीत काम करणाऱ्या रायकहेल्डने २००३च्या डिसेंबरमध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लेख लिहिला. लांबलचक सर्वेक्षणांची गरज नाही, वाढीचा अंदाज घ्यायला हा एकच प्रश्न पुरतो, असा त्याचा दावा होता. हिशेब सोपा आहे. ९ किंवा १० देणारे ते ‘प्रमोटर’, म्हणजे आपणहून शिफारस करणारे. ७ किंवा ८ देणारे ‘पॅसिव्ह’, म्हणजे मधले. ० ते ६ देणारे सगळे ‘डिट्रॅक्टर’, म्हणजे नाराज. शिफारस करणाऱ्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की एनपीएस मिळतो. सगळेच खूश असतील तर १००, सगळेच नाराज असतील तर उणे १००. मधल्यांचा उपयोग फक्त एकूण संख्या मोजण्यापुरता.

एक उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक आहे, पण तिचा कारभार आपल्या ओळखीचा आहे. दूरसंचाराच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल होते आणि मुंबई त्यातून वेगळी काढलेली असते. या महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये आपली कंपनी दर महिन्याला २०,००० ग्राहकांना तो प्रश्न पाठवते आणि ४०० जण उत्तर देतात. पहिल्या महिन्यात १८० जणांनी ९ किंवा १० दिले, १०० जणांनी ७ किंवा ८, आणि १२० जणांनी ६ किंवा त्याहून कमी. म्हणजे ४५ टक्के वजा ३० टक्के, स्कोअर १५. पुढच्या महिन्यात शिफारस करणारे १७२ निघाले आणि नाराज १२८. ४३ वजा ३२, स्कोअर ११. बैठकीत प्रश्न येतो, एका महिन्यात चार अंक कसे घसरले?

आधी माणसे मोजू. वरच्या गटात आठ जण कमी झाले आणि खालच्या गटात आठ जण वाढले. लाखो ग्राहकांच्या सर्कलमध्ये एवढा फरक तर दुसरे चारशे जण निवडले असते तरी पडला असता. नमुना म्हटला की हे आलेच. तो फरक साधारण किती असू शकतो, याचा अंदाज संख्याशास्त्र देते.

त्याचा हिशेब असा. दोन्ही टोकांची प्रमाणे मिळवायची: ०.४५ अधिक ०.३० म्हणजे ०.७५. त्यांच्या फरकाचा, म्हणजे ०.१५ चा वर्ग त्यातून वजा करायचा, उरतात ०.७२७५. त्याचे वर्गमूळ साधारण ०.८५. त्याला उत्तरे देणाऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे इथे २० ने भागायचे आणि नेहमीच्या ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ ने गुणायचे. उत्तर येते ०.०८४, म्हणजे ८.४ अंक. याचा अर्थ स्कोअर १५ आहे असे म्हणणे अर्धवट झाले. तो १५ च्या आठ अंक अलीकडे किंवा पलीकडे, ७ ते २३ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, असे म्हणायला हवे.

दोन महिन्यांची तुलना करताना तर अनिश्चितता आणखी वाढते, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी हलत असतात. चारशे-चारशे उत्तरांवर दोन महिन्यांतला फरक साधारण १२ अंकांच्या पुढे गेला, तरच त्याला योगायोगापलीकडचा म्हणता येते. चार अंकांवरून कोणाला जाब विचारणे म्हणजे नाणे उडवून छापा पडला म्हणून नाण्याला जबाबदार धरणे.

निवडणूक चाचण्यांमध्ये हजारभर लोकांच्या मतांवर अधिक-उणे तीन टक्के अशी मर्यादा सांगतात. तो ठोकताळा मनात धरून एनपीएसकडे पाहिले तर फसगत होते. साधी टक्केवारी हा एकच आकडा असतो. एनपीएस म्हणजे दोन टक्केवारींची वजाबाकी. एक माणूस वरच्या गटातून थेट खालच्या गटात गेला तर वरचा एक कमी होतो आणि खालचा एक वाढतो, म्हणजे फरक दोनाचा पडतो. म्हणून त्याच ४०० उत्तरांवर ‘४५ टक्के खूश’ या विधानाची मर्यादा अधिक-उणे पाच असते, पण एनपीएसची आठच्या पुढे जाते.

मग उत्तरे किती हवीत? आपल्या उदाहरणातल्यासारखी विभागणी असेल, तर एका महिन्याच्या स्कोअरची मर्यादा अधिक-उणे पाचवर आणायला सुमारे ११०० उत्तरे लागतात आणि दोनवर आणायला सुमारे ७०००. कारण मर्यादा निम्मी करायची तर उत्तरे चौपट हवीत. चार अंकांची खरी घसरण झाली तर ती दहापैकी आठ वेळा पकडता यावी, अशी इच्छा असेल तर प्रत्येक महिन्याला सातेक हजार उत्तरे लागतील. आपल्या कंपनीकडे चारशे आहेत.

सर्कलच्या आकड्यावर हे थांबत नाही. बैठकीत पुढचा तक्ता जिल्ह्यांचा असतो. चारशे उत्तरे जिल्ह्यांत वाटली की कुणाच्या वाट्याला चाळीस येतात, कुणाच्या वाट्याला आठ. समजा गोव्यातून २० उत्तरे आली. वीस उत्तरांवरच्या स्कोअरची मर्यादा अधिक-उणे ३७ अंकांची असते. दोन माणसांची मते वरून खाली गेली की स्कोअर २० अंकांनी उतरतो. तरीही तक्त्यात गोवा पहिल्या किंवा शेवटच्या क्रमांकावर दिसतो आणि तिथल्या व्यवस्थापकाचे कौतुक होते किंवा त्याला कारणे द्यावी लागतात. अशा यादीची एक खूण असते. सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे जिल्हे बहुधा कमी उत्तरे आलेलेच असतात, आणि पुढच्या महिन्यात त्यातले कितीतरी जागा बदलतात. मोठे जिल्हे मधोमध शांत बसलेले असतात. कामगिरीचा संबंध नसला तरी लहान नमुना टोकाला जातोच. यावर उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. गोव्याचा स्कोअर दर महिन्याला न काढता बारा महिन्यांची २४० उत्तरे एकत्र करून काढावा. मर्यादा तरीही ११ अंकांची राहते, पण निदान काही बोलता येते.

मोबाइल सेवेत आणखी एक अडचण आहे. एकाच टॉवरच्या पट्ट्यातल्या लोकांचा अनुभव सारखा असतो. वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी तासाभरात संपत असेल तर त्या गावातले सगळेच वैतागलेले असतात. त्या गावातून वीस उत्तरे आली तरी ती वीस स्वतंत्र मते नसतात. एकाच तक्रारीच्या त्या वीस आवृत्त्या असतात. वरचा सगळा हिशेब मात्र प्रत्येक उत्तर स्वतंत्र आहे असे धरून चालतो. उत्तरे मोजक्या टॉवरांभोवती गोळा झाली असतील तर चारशे उत्तरांचे वजन प्रत्यक्षात दोनशेइतकेच भरू शकते.

इथवरची अनिश्चितता नशिबाची होती. उत्तरे वाढवली की ती कमी होते. पुढची अडचण उत्तरे वाढवूनही जात नाही, कारण ती ‘किती जणांनी’ यापेक्षा ‘कोणी’ उत्तर दिले याची आहे.

आपल्या चारशे जणांकडे पुन्हा पाहू. पहिल्या महिन्यात त्यातले १६० शहरी होते आणि २४० ग्रामीण. शहरी ग्राहकांत ८४ शिफारस करणारे आणि ३६ नाराज, म्हणजे स्कोअर ३०. ग्रामीण ग्राहकांत ९६ आणि ८४, म्हणजे स्कोअर ५. दोन्ही मिळून १५. पुढच्या महिन्यात प्रश्न फक्त मेसेजमधल्या लिंकवर न विचारता आपोआप लागणाऱ्या फोनवरूनही विचारला गेला. त्यामुळे लिंक न उघडणारे बरेच ग्रामीण ग्राहकही उत्तर देऊ लागले. या वेळी ९६ उत्तरे शहरी आली आणि ३०४ ग्रामीण. शहरी स्कोअर जवळपास ३०च राहिला आणि ग्रामीण जवळपास ५च. एकत्रित आकडा मात्र ११ झाला. बैठकीत ज्या चार अंकांवरून वाद झाला, ते चारही अंक उत्तर देणाऱ्यांचे मिश्रण बदलल्यामुळे आले होते. एकाही गटातल्या ग्राहकांचे मत खाली गेले नव्हते.

यावरचा उपाय म्हणजे भारांकन. कंपनीचे ७० टक्के ग्राहक ग्रामीण असतील, तर उत्तरांमध्ये ते कितीही आले तरी हिशेबात त्यांना ७० टक्केच वजन द्यायचे. तसे केले की दोन्ही महिन्यांचा स्कोअर १२.५ येतो, म्हणजे ना १५, ना ११. पण भारांकनाने फक्त माहीत असलेल्या गटांचा तोल सावरतो. उत्तर देणारे ग्रामीण ग्राहक हे उत्तर न देणाऱ्या ग्रामीण ग्राहकांसारखेच आहेत का, हे ते सांगू शकत नाही. आपल्या उदाहरणात शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी तोंड उघडलेले नाही. ज्याला नेटवर्कच मिळत नाही, त्याच्यापर्यंत प्रश्न पोहोचत नाही. मेसेज इंग्रजीत असेल तर आणखी काही जण गळतात. शिवाय सिम वडिलांच्या नावावर आणि वापर मुलीचा, अशी घरे कितीतरी आहेत. कंपनीच्या नोंदीत उत्तर साठीतल्या पुरुषाचे म्हणून जमा होते, मत मात्र विशीतल्या मुलीचे असते.

सर्वांत मोठी गफलत मात्र सोडून गेलेल्यांची आहे. समजा हजार ग्राहक आहेत: ४५० शिफारस करणारे, २५० मधले, ३०० नाराज. स्कोअर १५. नाराजांपैकी १०० जण वैतागून दुसऱ्या कंपनीत गेले. उरलेल्या ९०० मध्ये शिफारस करणारे ५० टक्के होतात, नाराज २२ टक्के. स्कोअर जवळपास २८ होतो. कंपनीने दहावा हिस्सा ग्राहक गमावले आणि आकडा तेरा अंकांनी चढला. सोडून गेलेल्याला प्रश्न विचारला जात नाही, त्यामुळे हा आकडा राहिलेल्यांचाच असतो.

भारतात ही शक्यता केवळ कागदावरची नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०१० च्या नोव्हेंबरमध्ये हरियाणात सुरू झाली आणि २०११ च्या जानेवारीत देशभर आली. PORT लिहून पुढे आपला नंबर टाकून १९०० वर मेसेज पाठवला की कोड मिळतो आणि पुढचे काम दुसरी कंपनी करते. अनेक जण तर पोर्टही करत नाहीत. फोनमध्ये दोन सिम असतात. एकावर डेटा आणि बोलणे चालते, दुसरे बँकेच्या ओटीपीपुरते लहानशा रिचार्जवर जिवंत ठेवलेले असते. हा माणूस दुसऱ्या कंपनीच्या नोंदीत ‘ग्राहक’ असतो, पण मनाने केव्हाच गेलेला असतो. म्हणूनच दूरसंचार नियामक ट्राय आपल्या मासिक अहवालात एकूण जोडण्यांबरोबर प्रत्यक्ष सक्रिय जोडण्यांचा आकडाही वेगळा देते. एनपीएस काढताना अशा झोपलेल्या सिमला विचारायचे की नाही, यावर कंपनीचा स्कोअर कित्येक अंकांनी हलू शकतो. हा नियम मध्येच कोणी बदलला तर आलेख उडी मारतो आणि श्रेय भलत्याच मोहिमेला जाते.

आता खुद्द मोजपट्टीकडे पाहू. महाराष्ट्रात दहावी दिलेल्या कोणालाही विचारा: साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, पंचाहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन. या हिशेबाने वाढलेला ग्राहक बऱ्या वाटणाऱ्या सेवेला दहापैकी सहा देतो, तेव्हा आपण पहिला वर्ग दिला अशीच त्याची समजूत असू शकते. एनपीएस मात्र त्याला शून्य देणाऱ्याच्या शेजारी बसवतो. शिक्षक पैकीच्या पैकी सहसा देत नाहीत, हेही आपल्या अंगात मुरलेले असते. म्हणून एका देशाचा स्कोअर दुसऱ्या देशाच्या स्कोअरशेजारी ठेवून पाहणे धोक्याचे आहे.

या कप्प्यांमुळे माहितीही वाया जाते. शून्य देणाऱ्या ग्राहकाची तक्रार सोडवली आणि तो सहावर आला, तरी स्कोअर तसूभरही हलत नाही. आठवरून कोणी नऊवर गेला तर मात्र लगेच हलतो. ज्याला आकडा वाढवायचा आहे, त्याने सर्वांत त्रस्त ग्राहकांना सोडून काठावरच्या समाधानी ग्राहकांच्या मागे लागावे, हेच मग सोयीचे ठरते. शिवाय ४५ वजा ३० हेही १५ आणि १५ वजा शून्य हेही १५. पहिल्या कंपनीत तीव्र प्रेम आणि तीव्र राग दोन्ही आहे. दुसरीत बहुतेकांना काहीच वाटत नाही. दोघींचे आजार वेगळे असतात, पण आकडा एकच दिसतो. म्हणून जाणकार विश्लेषक स्कोअरआधी ० ते १० या अकराही गुणांची विभागणी पाहतो.

या आकड्यावर पगारवाढ टांगली की तो आणखी बिघडतो. गॅलरीतला मुलगा काम झाल्यावर ‘मेसेज येईल, दहा द्या हं’ असे विनवतो आणि चिडलेल्या ग्राहकापर्यंत मेसेज पोहोचू नये याची युक्ती कोणीतरी शोधतेच. २०२१ मध्ये खुद्द रायकहेल्डनेच या आकड्याच्या गैरवापराबद्दल तक्रार केली आणि सहकाऱ्यांसह नवे माप सुचवले. त्यात जुन्या ग्राहकांकडून आणि त्यांच्या शिफारशीने आलेल्या नव्या ग्राहकांकडून किती उत्पन्न वाढले, हे हिशेबाच्या वहीतून मोजायचे असते. त्याआधी २००७ मध्ये टिमथी कायनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या माहितीवर मूळ दावा तपासला होता. वाढीचा अंदाज देण्यात एनपीएस इतर साध्या समाधान-मापांपेक्षा सरस असल्याचे त्यांना आढळले नाही.

मग हे सगळे टाकून द्यायचे का? तसे नाही. एकच प्रश्न त्याच पद्धतीने, त्याच भाषेत, त्याच प्रकारच्या ग्राहकांना वर्षानुवर्षे विचारला तर त्यातून कल कळतो. पण तक्त्यात प्रत्येक स्कोअरशेजारी उत्तरांची संख्या आणि अधिक-उणे मर्यादा छापलेली हवी. शंभराहून कमी उत्तरांवरचा आकडा क्रमवारीत लावू नये. सोडून गेलेल्यांची संख्या त्याच पानावर हवी. आणि ‘हे गुण का दिले’ या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे कोणीतरी खरोखर वाचायला हवीत, कारण ‘घरात रेंज येत नाही’ हे वाक्य एकाच पिनकोडवरून पंधरा वेळा आले तर त्यातून टॉवरची जागा कळते. १५ किंवा ११ या आकड्यातून ती कळत नाही.

मोबाइल कंपनीकडे या आकड्याची परीक्षा घेण्याचे साधनही असते, जे साबण विकणाऱ्याकडे नसते. कोणत्या ग्राहकाने किती गुण दिले आणि पुढे त्याने रिचार्ज चालू ठेवले की नंबर पोर्ट केला, हे दोन्ही तिच्या नोंदीत असते. गुण दिल्यानंतर सहा महिन्यांनी प्रत्येक गुणासमोर किती टक्के लोक सोडून गेले, एवढा एक तक्ता करावा. तीन देणारे खूप गेले आणि नऊ देणारे थोडे गेले, तर प्रश्नात दम आहे. सहा देणारे आणि आठ देणारे सारख्याच प्रमाणात टिकले, तर सहाला नाराजांमध्ये ढकलणारी रेघ आपल्याकडे चुकीच्या जागी आहे. मग कंपनीने ती रेघ स्वतःच्या ग्राहकांच्या वागणुकीवरून पुन्हा आखायला हरकत नाही.